कॉइल लावली की लोडला पॉवर कमी का मिळते? कॉन्जुगेट मॅचिंग करताना कुठे अडतं आणि ते कसं शोधायचं

तक्रार जवळपास नेहमी सारखीच असते. फंक्शन जनरेटरला १० मिलिहेन्रीची कॉइल सिरीजमध्ये जोडली, पुढे लोड म्हणून १ किलोओहमचा पॉट लावला आणि पॉट फिरवत सर्वात जास्त पॉवर कुठे मिळते ते शोधलं. तशी जागा सापडतेसुद्धा. पण तिथे मोजलेली पॉवर ९ मिलिवॅट, आणि कागदावर मात्र साडेबासष्ट मिलिवॅट. मग पुस्तकात ‘लोडचा इंपीडन्स सोर्सच्या इंपीडन्सचा कॉन्जुगेट हवा’, म्हणजे रेझिस्टन्स तेवढाच आणि रिॲक्टन्स उलट्या चिन्हाचा, असं वाचून एक कपॅसिटर लावला जातो. त्याने कधी काहीच फरक पडत नाही, कधी पॉवर थोडी वाढते आणि तिथेच अडते. एखाद्याला तर कमाल मर्यादेच्याही वर पॉवर मिळते, आणि ते सगळ्यात जास्त गोंधळात टाकणारं असतं.

यांपैकी बहुतेकांचं मूळ एकाच गोष्टीत आहे. इथे दोन गोष्टी जुळवायच्या असतात, रिॲक्टन्स आणि रेझिस्टन्स, आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी रिॲक्टन्स शून्यावर आणायचा, मग रेझिस्टन्स बघायचा. बहुतेक जण पॉटपासून सुरुवात करतात, कारण तो हाताशी असतो आणि फिरवता येतो.

सर्किट आणि त्याचे खरे आकडे

एकच उदाहरण शेवटपर्यंत धरू. जनरेटरचा आतला रेझिस्टन्स ५० ओहम, साइन वेव्ह, फ्रिक्वेन्सी १० किलोहर्ट्झ. काहीही न जोडता जनरेटरच्या टर्मिनलवर १० व्होल्ट पीक टू पीक, म्हणजे ३.५४ व्होल्ट आरएमएस. कॉइलवर १० मिलिहेन्री छापलेलं आहे. एलसीआर मीटरवर १० किलोहर्ट्झला ती ९.४ मिलिहेन्री निघते आणि तिचा सिरीज रेझिस्टन्स ४० ओहम दिसतो. साध्या मल्टिमीटरवर हीच कॉइल २६ ओहम दाखवते.

लोडच्या दृष्टीने कॉइल ही सोर्सचाच भाग आहे. तेव्हा सोर्सचा इंपीडन्स असा:

```
Zs = Rs + jXs
Rs = 50 + 40 = 90 ohm
Xs = 2*pi*10000*0.0094 = 591 ohm
```

आणि लोडचा रेझिस्टन्स `RL`, उघड्या टर्मिनलवरचं आरएमएस व्होल्टेज `V` धरलं, तर लोडला मिळणारी पॉवर अशी:

```
P = V^2 * RL / ((Rs + RL)^2 + (Xs + XL)^2)
```

या सूत्राकडे जरा थांबून बघा. `XL` म्हणजे लोडच्या बाजूचा रिॲक्टन्स, आणि तो फक्त खालच्या दुसऱ्या कंसात येतो. तो कंस वर्गात आहे, त्यामुळे कधीच ऋण होत नाही. जास्तीत जास्त चांगलं म्हणजे तो शून्य करणं. म्हणून `XL = -Xs`. `RL` कितीही असला तरी ही अट बदलत नाही. रिॲक्टन्स आधी काढायचा तो यासाठी. तो गेला की उरतं ते डीसीचं ओळखीचं सूत्र, आणि त्याची कमाल `RL = Rs` ला मिळते:

```
Pmax = V^2 / (4*Rs) = 12.5 / 360 = 34.7 mW
```

आधी कागदावरचा आकडाच तपासा

साडेबासष्ट मिलिवॅट कुठून आले? `Rs` म्हणून फक्त जनरेटरचे ५० ओहम धरले, कॉइलचा रेझिस्टन्स सोडून दिला. मल्टिमीटरचे २६ ओहम धरले तर उत्तर ४१ मिलिवॅट येतं, तेही जास्तच. १० किलोहर्ट्झला कॉइलच्या कोअरमध्ये आणि तारेत होणारं नुकसान मल्टिमीटरला दिसत नाही, कारण तो डीसीवर मोजतो. जी पॉवर मुळात उपलब्धच नाही तिच्या मागे लागून तास घालवणारे खूप आहेत. सर्किटमध्ये दोष शोधण्याआधी मर्यादा नक्की किती ते ठरवा.

दुसरी फसवी जागा जनरेटरचा डिस्प्ले. बऱ्याच डिजिटल जनरेटरमध्ये लोडची सेटिंग असते, ५० ओहम किंवा हाय-झेड. ५० ओहमच्या सेटिंगमध्ये डिस्प्लेवर १० व्होल्ट दिसत असतील तर ते ५० ओहमचा लोड लावल्यावरचे असतात. टर्मिनल उघडी असताना तिथे २० व्होल्ट असतात. व्होल्टेज दुप्पट म्हणजे पॉवर चौपट, आणि सगळी गणितं चारच्या पटीने चुकतात. म्हणून मोजलेली आणि अपेक्षित पॉवर यांच्यात बरोबर चारची पट दिसली तर सर्किटला हात लावू नका, ही सेटिंग बघा. आठची पट दिसली तर पीक टू पीक व्होल्टेजचा वर्ग आरएमएसच्या जागी घातला गेला आहे. डिस्प्लेवर विसंबण्यापेक्षा स्कोपने उघड्या टर्मिनलवरचं व्होल्टेज मोजा, मग ५० ओहम लावा. ते बरोबर निम्मं झालं की आतले ५० ओहमही पडताळले गेले.

मोजमाप स्कोपनेच करा. स्वस्त मल्टिमीटरची एसी रेंज काहीशे हर्ट्झपर्यंतच भरवशाची असते. १० किलोहर्ट्झला तो आकडा दाखवेल, पण तो धरून चालू नका.

पॉट फिरवून सापडलेलं शिखर खोटं कसं

कपॅसिटर नसताना `XL` शून्य आहे आणि खालच्या कंसात ५९१ चा वर्ग ठाण मांडून बसलेला आहे. अशा वेळी पॉट फिरवला की पॉवर वाढते, एका जागी सर्वात जास्त होते, मग कमी होते. ती जागा `RL = |Zs|` ला येते, म्हणजे ९० चा वर्ग अधिक ५९१ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ: ५९८ ओहम. तिथे पॉवर ९.१ मिलिवॅट. हे चूक नाही. फक्त रेझिस्टन्स बदलायची मुभा असेल तर याहून जास्त मिळणारच नाही. आणि कोणी ‘मॅक्सिमम पॉवर ट्रान्सफर थिअरम सांगतो म्हणून’ रिॲक्टन्स तसाच ठेवून पॉट ९० ओहमवर आणला, तर पॉवर आणखी घसरून २.९५ मिलिवॅट होते. त्यामुळे थिअरमच चुकीचा वाटायला लागतो, आणि तसं वाटणं स्वाभाविक आहे.

पण हे खोटं शिखर आपल्याला एक उपयोगी माहिती देतं. पॉट काढून ओहममीटरवर मोजा. तो `Rs` पेक्षा खूप मोठा निघाला तर सर्किटमध्ये रिॲक्टन्स उरला आहे, आणि किती तेही सांगता येतं:

```
X_remaining = sqrt(Rpeak^2 - Rs^2)
```

इथे ५९८ आणि ९० घातले की ५९१ मिळतात. एलसीआर मीटर नसेल तर कॉइलचा रिॲक्टन्स काढायची ही चांगली पद्धत आहे. कपॅसिटर लावल्यानंतर मात्र ती फारशी कामाची नाही. उरलेला रिॲक्टन्स लहान झाला की शिखर ९० च्या जरा पुढे, ९८ वगैरे ओहमवर येतं, आणि शिखराचा माथा इतका सपाट असतो की तो ९० वर आहे की ९८ वर हे डोळ्यांना कळत नाही.

हा सपाटपणा लक्षात ठेवण्यासारखा आहे. रिॲक्टन्स शून्य झाल्यावर `RL` ९० ऐवजी १०० ओहम ठेवला तर पॉवर ३४.७ वरून ३४.६ मिलिवॅट होते. दुप्पट, म्हणजे १८० ओहम केला तरी नवव्या हिश्श्याचंच नुकसान. तेव्हा रेझिस्टन्स ओहमभर इकडे तिकडे करत बसण्यात अर्थ नाही. पुढच्या सगळ्या तपासणीत मी पॉट काढून टाकतो आणि १०० ओहमचा साधा मेटल फिल्म रेझिस्टर लावतो. पॉटचा सरकता स्पर्श, त्याचं सारखं बदलणं आणि ब्रेडबोर्डवर हलणारे पाय यांपैकी एकही कटकट मग उरत नाही.

कपॅसिटर लावला, तरी काहीच फरक नाही

ही तक्रार आली की मी पहिला प्रश्न विचारतो: कपॅसिटर लोडच्या सिरीजमध्ये आहे की लोडला समांतर? १० पैकी बहुतेक वेळा... नव्हे, आकडा न लावता सांगतो, हे इतक्या वेळा समांतर निघतं की बाकी काही विचारायच्या आधी हे विचारावंसं वाटतं. ५९१ ओहमचा रिॲक्टन्स घालवायला १० किलोहर्ट्झला २७ नॅनोफॅरड लागतात:

```
C = 1 / ((2*pi*f)^2 * L) = 26.95 nF
```

हे २७ नॅनोफॅरड १०० ओहमच्या लोडला समांतर लावले तर करंटचा मोठा भाग रेझिस्टरमधूनच जातो, कारण कपॅसिटरची वाट जवळपास सहापट अवघड आहे. कॉइलचा रिॲक्टन्स जसाच्या तसा राहतो आणि पॉवर ३ मिलिवॅटच्या आसपासच घुटमळते. कपॅसिटर काढून पुन्हा लावा. आकडा जेमतेम हलतो. ‘लावला काय आणि न लावला काय’ हेच या दोषाचं लक्षण. तोच कपॅसिटर सिरीजमध्ये आणला की पॉवर थेट ३४ मिलिवॅटच्या पुढे जाते.

समांतर कपॅसिटर मुळातच चूक आहे असं मात्र नाही. लोड मोठ्या रेझिस्टन्सचा असेल तेव्हा तोच लागतो. आपल्या सोर्सला `90 - j591` हवे आहेत. हाच इंपीडन्स ३९७० ओहमचा रेझिस्टर आणि २६.३ नॅनोफॅरडचा कपॅसिटर समांतर जोडूनही मिळतो. म्हणजे तुमचा लोड ४ किलोओहमच्या जवळ असेल तर समांतर जोडणी बरोबर, १०० ओहमच्या जवळ असेल तर सिरीज. पॉवर दोन्हीकडे तीच ३४.७ मिलिवॅट, फरक एवढाच की पहिल्या जोडणीत लोडवर साडेअकरा व्होल्ट आरएमएसच्या वर दिसतात आणि दुसरीत पावणेदोन ते दोनच्या मधे. ३.५४ व्होल्टच्या सोर्समधून लोडवर साडेअकरा व्होल्ट कसे, म्हणून घाबरू नका. व्होल्टेज वाढलं, करंट तेवढाच कमी झाला. पॉवर वाढलेली नाही. लोड या दोन्हींच्या मधला, समजा ६०० ओहमचा, आणि न बदलता येणारा असेल, तर एकटा कपॅसिटर पुरत नाही. मग एक कपॅसिटर सिरीजमध्ये आणि एक समांतर अशी जोडी लागते, किंवा ट्रान्सफॉर्मर.

पॉवर वाढली, पण निम्म्यावर अडली

याची दोन कारणं मला सारखी भेटतात. पहिलं सोपं आहे: कपॅसिटर लावला, पण पॉट आधीच्या खोट्या शिखरावर, ५९८ ओहमलाच राहिला. तेव्हा पॉवर १५.८ मिलिवॅट येते. रिॲक्टन्स गेल्यावर शिखर ९० ओहमला सरकतं, त्यामुळे पॉट पुन्हा खाली आणावा लागतो.

दुसरं कारण कपॅसिटरच्या अंगावर लिहिलेलं असतं. कॉइलवर छापलेले १० मिलिहेन्री धरले की गणित २५.३ नॅनोफॅरड सांगतं, आणि २२ व ३.३ समांतर जोडून ते बरोबर बनतातही. कॉइल प्रत्यक्षात ९.४ मिलिहेन्रीची आहे, त्यामुळे थोडा रिॲक्टन्स उरतो, पण त्याने जाते ती जेमतेम ४ टक्के पॉवर. खरा घात होतो तो सिरॅमिक डिस्क कपॅसिटरने. २२ नॅनोफॅरडच्या डिस्कवर `223Z` छापलेलं असेल तर शेवटचं `Z` म्हणजे किंमत २० टक्के कमी ते ८० टक्के जास्त, कुठेही असू शकते. दोन्ही कपॅसिटर `Z` वाले आणि दोन्ही २० टक्के कमी निघाले, तर २५.३ च्या जागी २०.२ नॅनोफॅरड मिळतात, जवळपास २०० ओहमचा रिॲक्टन्स उरतो आणि ९० ओहमच्या लोडची पॉवर ४५ टक्क्यांवर येते. वरच्या टोकाला गेले तर त्याहूनही खाली. शिवाय अशा डिस्कची किंमत तापमानाने आणि तिच्यावरच्या व्होल्टेजनेही बदलते. सकाळी जुळवलेलं दुपारी जुळत नाही. `J` किंवा `K` लिहिलेला पॉलिएस्टर फिल्म कपॅसिटर घ्या. `J` म्हणजे ५ टक्के, `K` म्हणजे १० टक्के. `273J` हा आपल्या कामाला नेमका बसतो.

किती आणि कुठल्या बाजूला चुकलं ते शोधणं

इथे फ्रिक्वेन्सीचा नॉब सर्वात उपयोगी पडतो. कपॅसिटर बदलण्यापेक्षा फ्रिक्वेन्सी बदलणं सोपं आहे, आणि त्यातून कपॅसिटरची नेमकी किंमत निघते. लोड १०० ओहमवर ठेवा, लोडवरचं व्होल्टेज स्कोपवर बघत ९ किलोहर्ट्झपासून हळूहळू वर जा. समजा ते सर्वात जास्त १०.३२ किलोहर्ट्झला मिळालं. म्हणजे या कॉइलचा आणि या कपॅसिटरचा रिॲक्टन्स तिथे एकमेकांना खोडतो. तुम्हाला मात्र ते १० ला हवं आहे. कपॅसिटर किती बदलायचा?

```
C_new = C_old * (f_peak / f_wanted)^2
      = 25.3 * (1.032)^2 = 26.9 nF
```

कॉइल खरी किती मिलिहेन्रीची, कपॅसिटर खरा किती नॅनोफॅरडचा, हे माहीत असायची गरजच उरत नाही. कपॅसिटरवर छापलेली किंमत खोटी असली तरी हे गुणोत्तर खरं राहतं. फक्त आता असलेल्या कपॅसिटरला आणखी एक छोटा समांतर जोडून त्याची किंमत साडेसहा टक्क्यांनी वाढवायची. शिखर १० च्या खाली मिळालं तर उलट, कपॅसिटर लहान करायचा.

शिखराचा माथा इथेही सपाट आहे. आपल्या सर्किटमध्ये पॉवर निम्मी व्हायला फ्रिक्वेन्सी दोन्ही बाजूंना मिळून सुमारे ३ किलोहर्ट्झ पसरते, त्यामुळे ‘सर्वात उंच’ जागा डोळ्यांनी १० हर्ट्झपर्यंत पकडता येणार नाही. फेज बघणं त्याहून धारदार आहे. चॅनेल १ जनरेटरच्या टर्मिनलवर, चॅनेल २ लोडवर, स्कोप एक्स-वाय मोडमध्ये. रिॲक्टन्स उरला असेल तर लंबवर्तुळ दिसतं. तो पूर्ण गेला की लंबवर्तुळ मिटून तिरकी सरळ रेषा होते. अगदी थोडा फरकही या रेषेचं पोट फुगवतो. कुठल्या बाजूला चुकलं ते हवं असेल तर साध्या मोडमध्ये या. लोडवरची वेव्ह टर्मिनलच्या मागे पडत असेल तर कॉइलचा जोर जास्त आहे, म्हणजे कपॅसिटर गरजेपेक्षा मोठा. पुढे धावत असेल तर कपॅसिटर लहान. सिरीज कपॅसिटरची किंमत वाढली की त्याचा रिॲक्टन्स कमी होतो, हे इथे उलटं-सुलटं होतं आणि लोक नेमका चुकीच्या दिशेला बदल करतात, म्हणून मुद्दाम लिहितो.

रेषा सरळ झाल्यावर एलसीआर मीटरशिवाय कॉइलचा खरा रेझिस्टन्सही काढून घ्या. टर्मिनलवर ७.३७ व्होल्ट पीक टू पीक, १०० ओहमच्या लोडवर ५.२६ व्होल्ट. दोन्ही एकाच फेजमध्ये आहेत म्हणून सरळ वजाबाकी चालते: २.११ व्होल्ट कॉइल आणि कपॅसिटरच्या रेझिस्टन्सवर पडले. करंट ५.२६ भागिले १००, म्हणजे ५२.६ मिलिॲम्पियर पीक टू पीक. भागाकार ४० ओहम. यात ५० मिळवले की तुमचा `Rs` आला, आणि त्यावरून कागदावरची मर्यादा आता खरी काढता येते. फेज जुळलेला नसताना ही वजाबाकी करू नका. तेव्हा उत्तर निरर्थक येतं.

मर्यादेपेक्षा जास्त पॉवर

कमाल ३४.७ मिलिवॅट असताना स्कोपवरून ५५ मिलिवॅट निघाले, तर मला थेट ग्राउंड क्लिप आठवते. बहुतेक टेबलावरच्या जनरेटरच्या आउटपुटचं ग्राउंड टर्मिनल आणि स्कोपच्या प्रोबची ग्राउंड क्लिप, दोन्ही आतून मेन्सच्या अर्थला जोडलेली असतात. आता कोणी लोड जनरेटरच्या सिग्नलच्या टोकाला आधी लावला, त्याच्या पुढे कॉइल आणि कपॅसिटर, आणि लोडवरचं व्होल्टेज मोजायला क्लिप लोड आणि कॉइलच्या मधल्या जोडावर लावली. त्या क्षणी कॉइल आणि कपॅसिटर दोन्ही शॉर्ट झाले. जनरेटरचे ५० ओहम थेट १०० ओहमच्या लोडला मिळाले, लोडवर ६.६७ व्होल्ट पीक टू पीक आले, आणि त्यातून ५५.६ मिलिवॅट. ओळखायची खूण अशी की कपॅसिटर उपटून काढला तरी वाचन तसंच राहतं.

उलट प्रकारही होतो. लोड शेवटी असताना कॉइलवरचं व्होल्टेज बघायला क्लिप कॉइल आणि कपॅसिटरच्या मधे लावली की लोड शून्यावर जातो, आणि लोकांना वाटतं जोड सुटला. उपाय एकच: क्रम जनरेटर, कॉइल, कपॅसिटर, लोड, ग्राउंड असा ठेवा, म्हणजे लोडचं खालचं टोक ग्राउंडलाच राहील. क्लिप तिथून हलवायची नाही. मधल्या भागावरचं व्होल्टेज हवं असेल तर दोन प्रोब दोन टोकांना लावा आणि स्कोपला वजाबाकी करायला सांगा.

जुळल्यानंतर काय जपायचं

मॅच झाल्यावर सर्किटमधला करंट जवळपास २० मिलिॲम्पियर आरएमएस होतो. तोच करंट ५९१ ओहमच्या कॉइलमधून गेला की तिच्यावर साडेअकरा व्होल्ट आरएमएस, म्हणजे ३३ व्होल्ट पीक टू पीक उभे राहतात. कपॅसिटरवरही तेवढेच. १० व्होल्टच्या जनरेटरवर हे निभावतं, पण हाच प्रयोग ॲम्प्लिफायर लावून मोठ्या पॉवरवर केला की कपॅसिटरचं व्होल्टेज रेटिंग सोर्सच्या व्होल्टेजवरून ठरवता येत नाही. करंट गुणिले रिॲक्टन्स, आणि तेही पीकला, असं काढा. कॉइलचंही तसंच. करंट वाढला की फेराइट कोअर सॅच्युरेट व्हायला लागतो. ॲम्प्लिट्यूड वाढवल्यावर शिखराची फ्रिक्वेन्सी सरकत असेल किंवा लोडवरची साइन वेडीवाकडी होत असेल, तर तेच चाललं आहे. कमी ॲम्प्लिट्यूडवर जुळवलेलं मॅच जास्त ॲम्प्लिट्यूडवर मग टिकत नाही.

जनरेटर चुकून स्क्वेअरवर राहिला असेल तर मॅच फक्त १० किलोहर्ट्झच्या मूळ घटकाला लागू होतो. ३० किलोहर्ट्झच्या तिसऱ्या हार्मोनिकला कॉइल तिप्पट आणि कपॅसिटर एक तृतीयांश रिॲक्टन्स दाखवतो; शिल्लक राहतात दीड हजार ओहमच्या वर. तो घटक लोडपर्यंत जवळपास पोचतच नाही. स्क्वेअर दिली असताना लोडवर साइनसारखं काहीतरी दिसणं हा बिघाड नाही, पण जनरेटरच्या एकूण आरएमएसवरून काढलेली मर्यादा तिथे लावू नका.

शेवटचा प्रश्न एफिशिअन्सीचा, कारण मॅच करूनही ‘निम्मी पॉवर वाया जाते, काहीतरी बिघडलं’ असं विचारलं जातं. बिघडलेलं नाही. एकूण ६९.४ मिलिवॅटपैकी ३४.७ लोडला जातात, १९.३ जनरेटरच्या ५० ओहममध्ये आणि १५.४ कॉइलमध्ये जिरतात. कमाल पॉवरचा अर्थ कमाल एफिशिअन्सी नाही. हा घोळ जुना आहे. एकोणिसाव्या शतकात मोरिट्झ फॉन याकोबीच्या याच कमाल पॉवरच्या नियमावरून मोटर ५० टक्क्यांहून जास्त कार्यक्षम होऊच शकत नाही असा अर्थ काढला गेला, आणि १८८० च्या सुमारास एडिसन व त्याचा सहकारी फ्रान्सिस अप्टन यांच्या कामातून डायनामोचा आतला रेझिस्टन्स लोडच्या मानाने खूप कमी ठेवायचा हे पुढे आलं. थिअरम सोर्स ठरलेला आणि लोड बदलता येणारा धरतो. सोर्स तुमच्या हातात असेल तर मॅचिंग करू नका. आतला रेझिस्टन्स कमी करा. आपल्या सर्किटमध्ये त्याचा अर्थ जाड तारेची, कमी नुकसानीच्या कोअरची कॉइल. तिचे ४० ओहम १० वर आणता आले, तर `Rs` ६० होतो आणि मर्यादा ५२ मिलिवॅटवर जाते. मग लोड ६० ओहमचा लागेल, आणि फ्रिक्वेन्सीची चूक आधीइतकी खपणार नाही, कारण रेझिस्टन्स कमी झाला की शिखर अरुंद होतं. इंडक्टन्स तेवढाच असला तर कपॅसिटर मात्र तोच राहील.